कल्ब आणि कलिब : घरची अरबी, पुस्तकातली अरबी आणि पहिलीचा वर्ग

प्रश्न : मी भाषाशिक्षणात एम.ए. करते आहे. डायग्लोसिया, म्हणजे एकाच समाजात घरी बोलायची भाषा एक आणि लेखी, औपचारिक भाषा दुसरी असणं, शिकवताना अरबीचं उदाहरण हमखास येतं, पण शाळेत प्रत्यक्ष काय अडतं ते कोणी सांगत नाही. मुलांच्या बोलीतच शिकवलं तर प्रश्न सुटणार नाही का? मग अरब देश तसं का करत नाहीत? आणि टीव्हीमुळे यात काही फरक पडतो का?

उत्तर :

एका वाक्यापासून सुरुवात करू. ‘मुलगा शाळेत गेला नाही’ हे कैरोतलं सहा-सात वर्षांचं मूल घरी असं सांगेल : ‘इल-वलद मराहश इल-मद्रसा’. त्याच्या पुस्तकात तेच वाक्य असं असतं : ‘अल-वलदु लम यध्हब इलल-मद्रसा’. ‘वलद’ म्हणजे मुलगा आणि ‘मद्रसा’ म्हणजे शाळा, हे दोन शब्द दोन्हीकडे सारखे आहेत. बाकी सगळं बदललं. ‘जाणे’ याचं क्रियापद बोलीत एक, पुस्तकात दुसरं. नकार बोलीत क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना लागतो, पुढे ‘म’ आणि मागे ‘श’. पुस्तकात तो ‘लम’ असा सुटा शब्द होऊन आधी येतो. त्यातही एक मेख आहे. ‘लम’ लागला की क्रियापद दिसायला वर्तमानकाळाचं असतं, पण अर्थ भूतकाळाचा होतो. मुलाच्या बोलीत ‘य’ने सुरू होणारं क्रियापद झाल्या-गेल्या गोष्टीसाठी वापरतच नाहीत. त्यामुळे ‘यध्हब’ हा शब्द माहीत असलेलं मूलसुद्धा ‘मुलगा शाळेत जात नाही’ असा अर्थ लावून पुढे जातं. अक्षरं सगळी बरोबर ओळखली, मोठ्याने वाचलं, बाईंनी शाबासकी दिली, आणि अर्थ चुकला तो कोणाच्याच लक्षात आला नाही.

पहिलीत शाळा असं धरून चालते की मुलाला भाषा येते, आता फक्त ती कागदावर ओळखायला शिकवायची आहे. अरबी मुलाच्या बाबतीत हे गृहीतकच निम्मं खोटं आहे. वाचायला शिकणं आणि जी वाचायची ती भाषा शिकणं, ही दोन्ही कामं त्याला एकाच वेळी करावी लागतात.

चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मध्ये डायग्लोसियाची मांडणी केली तेव्हा अरबी, ग्रीक, स्विस जर्मन आणि हैती ही चार उदाहरणं घेतली. त्यांच्या व्याख्येतली एक अट विद्यार्थ्यांकडून नेहमी सुटते : वरची, म्हणजे प्रतिष्ठेची लेखी भाषा कोणाच्याही घरात रोजच्या बोलण्यासाठी वापरली जात नाही. मराठीशी तुलना करताना इथेच गफलत होते. आपल्याकडे काही घरांतली बोली प्रमाण मराठीच्या बरीच जवळ आहे. त्या घरातल्या मुलाला शाळेची भाषा आयती मिळते, आणि ‘पानी’, ‘व्हतं’ म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘अशुद्ध’ हा शिक्का मिळतो. तिथे प्रश्न मुख्यतः कोणाचं घर वरचं मानलं जातं याचा आहे. अरबीत मंत्र्याच्या आणि मजुराच्या घरी, दोन्हीकडे बोलीच बोलतात. पुस्तकं असलेल्या घरातल्या मुलाला फायदा होतो, तो वेगळा. पण फुस्हा, म्हणजे लेखी आणि प्रमाण अरबी, जन्मापासून बोलणारं मूल वर्गात नसतं. पूल लागतो तो अख्ख्या वर्गाला. म्हणून अरबीतले उपाय उचलून मराठीला लावू नका आणि मराठीतली चीड अरबीला लावू नका.

आता हे अंतर किती आणि कसलं, ते पाहू. एलिनोर सायेग-हद्दाद आणि बर्नार्ड स्पॉल्स्की यांनी इस्रायलमधल्या पॅलेस्टिनी समाजातल्या पाच वर्षांच्या मुलांचा शब्दसंग्रह तपासला. साधारण एक पंचमांश शब्द बोलीत आणि फुस्हात जसेच्या तसे सापडले. सुमारे दोन पंचमांश शब्द मूळचे एकच, पण उच्चारात थोडेफार बदललेले होते. उरलेल्या दोन पंचमांशांसाठी फुस्हात वेगळेच शब्द होते. पहिल्या गटात ‘बाब’ म्हणजे दार आणि ‘कुर्सी’ म्हणजे खुर्ची. तिसऱ्या गटात बूट : घरी ‘कुंदरा’, पुस्तकात ‘हिधा’. खिडकी : घरी ‘शुब्बाक’, पुस्तकात ‘नाफिधा’.

लोकांना तिसरा गट सगळ्यांत अवघड वाटतो. माझ्या अनुभवात जास्त फसवा असतो तो मधला, कारण तिथे मुलाला आणि शिक्षकाला दोघांनाही वाटतं की शब्द येतो. कुत्र्याला फुस्हात ‘कल्ब’ म्हणतात. पॅलेस्टिनी बोलीत शेवटच्या जोडाक्षरात एक स्वर शिरतो आणि तो ‘कलिब’ होतो. समुद्र हा ‘बह्र’, घरी ‘बहिर’. शिक्षक म्हणतात, ‘कल्ब’चे तुकडे पाडून दाखव. मूल टाळ्या वाजवतं : क, लिब. दोन टाळ्या. शिक्षकाला एकच हवी असते. मुलाचा कान शाबूत आहे, मोजणीही बरोबर आहे. त्याने घरचा शब्द मोजला, एवढंच. वाचनाची पायाभरणी ज्या ध्वनीजाणिवेवर होते तीच इथे डळमळते. सायेग-हद्दाद यांच्या २००३ पासूनच्या प्रयोगांतही हेच दिसलं : जो ध्वनी बोलीत नाही, तो शब्दातून वेगळा काढणं मुलांना जास्त जड जातं.

अशा ध्वनींचं ठळक उदाहरण म्हणजे जीभ दातांमध्ये धरून काढायचा ‘थ’. कैरोत आणि शाम, म्हणजे सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन या भागातल्या बहुतेक शहरी बोलींत तो उरलेला नाही. ‘थलाथा’ म्हणजे तीन, घरी ‘तलाता’. लिहिताना ‘त’च्या अक्षरावर दोन टिंबं आणि ‘थ’च्या अक्षरावर तीन, बाकी आकार तोच. मूल दोन टिंबं देतं ते निष्काळजीपणामुळे नव्हे, त्याला जे ऐकू येतं ते ते लिहितं. कैरोत आणखी एक गुंता आहे. जे शब्द शिकलेल्या माणसांच्या बोलण्यातून, म्हणजे फुस्हातून बोलीत उतरले, त्यांत हाच ‘थ’ ‘स’ होतो. ‘उदाहरणार्थ’ याला फुस्हात ‘मथलन’ आणि कैरोत ‘मसलन’. त्यामुळे एकच मूल एका शब्दात ‘थ’च्या जागी ‘त’ लिहितं आणि दुसऱ्यात ‘स’. शिक्षकाला वाटतं, मूल गोंधळलंय. खरं तर दोन्ही चुकांमागे नियम आहे, आणि तो शिक्षकाला स्वतःच्या बोलण्यातून ऐकू यायला हवा.

म्हणून मी शिक्षकांसोबत बसतो तेव्हा पहिलं काम चुका वेगळ्या करण्याचं असतं. तिन्ही गटांतले प्रत्येकी दहाएक शब्द घ्यायचे, लांबी आणि अक्षरं साधारण सारख्या अवघडपणाची ठेवायची, आणि मुलाकडून स्वरचिन्हांसह वाचून घ्यायचे. प्रत्येक शब्दानंतर अर्थ विचारायचा, तोही बोलीत सांगू द्यायचा. मूल तिन्ही गटांत सारखंच अडखळलं तर अडचण अक्षरओळखीची आहे, तिथे बोलीचा दोष काढू नये. पहिला गट सहज वाचला आणि दुसऱ्यात ‘कल्ब’चं ‘कलिब’ केलं, पण अर्थ बरोबर सांगितला, तर ते वाचन झालेलं आहे. उच्चार पुढे सुधारेल. त्याला ‘चूक’ म्हणून गुण कापले की मूल अर्थ लावणं सोडून फक्त आवाज काढायला लागतं. आणि तिसऱ्या गटात शब्द स्पष्ट वाचला पण अर्थ आला नाही, तर शब्दच शिकवायला हवा. तिथे वाचनाचा सराव वाढवून काही हाती लागत नाही. या चाचणीचं यश एका गोष्टीवर ठरतं : दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाची यादी त्या गावच्या बोलीवरून करायला हवी. कैरोत ‘कल्ब’ हा ‘कल्ब’च राहतो, त्यामुळे पॅलेस्टिनी यादी तिथे कुचकामी ठरते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बोलीतच का शिकवत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की बोलीत शिकवतातच. कागदोपत्री माध्यम फुस्हा असतं, पण वर्गात जाऊन बसा. शिक्षक धडा फुस्हात वाचतात, लगेच बोलीत समजावतात, मुलं बोलीत शंका विचारतात, आणि शेवटी उत्तर मात्र पुस्तकी वाक्यात म्हणून घेतलं जातं. थोरामोठ्यांची भाषणंही याच चालीने चालत. भाषाशास्त्रज्ञ क्लाइव्ह होल्स यांनी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष गमाल अब्दुल नासर यांच्या भाषणांचा अभ्यास करून दाखवलं की तत्त्वाची, सगळ्यांना लागू असलेली गोष्ट नासर फुस्हात मांडत, आणि ती उलगडून घरापर्यंत नेताना कैरोच्या बोलीवर येत. हे श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. त्यामुळे बोली वर्गात आणायची की नाही हा प्रश्नच नाही, ती तिथे आहेच. तिचं असणं कोणी मान्य करत नाही, यातून नुकसान होतं. जे अधिकृतपणे घडतच नाही, ते चांगलं कसं करायचं हे प्रशिक्षणात कोण शिकवणार? मग शिक्षक बोलीतलं स्पष्टीकरण दबल्या आवाजात, घाईने उरकतात. निरीक्षक आले की ते बंदच होतं, आणि मुलांना सगळ्यांत गरज असते तो दुवा त्या तासापुरता निखळतो.

मान्य का करत नाहीत, याचं उत्तर भाषेबद्दलच्या धारणांत आहे. ‘बोलीला व्याकरण नाही’ ही त्यातली एक. वर दिलेलं ‘म…श’ हे नकाराचं कडक व्याकरण आहे, पण शाळेत व्याकरण म्हणून जे शिकवतात ते फक्त फुस्हाचं, म्हणून ही समजूत सुशिक्षितांतही पक्की बसते. दुसरी धारणा कुराणाच्या भाषेशी असलेल्या नात्याची आणि तिसरी अरब ऐक्याची : मोरोक्कोचा आणि इराकचा वाचक एकच वर्तमानपत्र वाचू शकतो, ते फुस्हामुळे. या दोन्ही मागासलेपणाच्या खुणा म्हणून उडवून लावू नका. लोकांना त्यातून खरोखर काहीतरी मिळतं.

आणि संशयालाही इतिहास आहे. १८९३ मध्ये कैरोत विल्यम विलकॉक्स या ब्रिटिश पाटबंधारे अभियंत्याने जाहीरपणे मांडलं की इजिप्शियन लोकांत नवं शोधण्याची ताकद दिसत नाही, कारण ते बोलतात एका भाषेत आणि लिहितात दुसऱ्या. त्यांनी लेखनासाठी बोली वापरावी. देश तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. तेव्हापासून ‘बोलीत शिकवा’ म्हणणाऱ्याकडे परक्यांचा वकील म्हणून पाहिलं जातं, मग तो कितीही तळमळीने बोलत असो. २०१५ मध्ये अल्जीरियात सुरुवातीच्या वर्षांत बोलीचा आधार घेण्याची सूचना पुढे आली आणि शिक्षणमंत्री नूरिया बेनगब्रित यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. २०१८ मध्ये मोरोक्कोच्या दुसरीच्या पुस्तकात ‘बग्रीर’, ‘ब्रिवात’ अशी पदार्थांची नावं बोलीतल्यासारखीच छापली म्हणून गदारोळ उठला. मंत्रालयाने बाजू मांडली की ती विशेषनामंच आहेत, आणि पंतप्रधानांना सांगावं लागलं की शिक्षणात दारिजा, म्हणजे तिथली बोली, येणार नाही. मुलं जे पदार्थ घरी त्याच नावाने खातात, त्यांच्या नावांवरून हे झालं. पुस्तकातला शब्द मुलाला कळतो का, हा प्रश्न त्या सगळ्या वादात मागे पडला.

हे कायमचंच आहे असं मात्र नाही. ग्रीसमध्ये कथारेवुसा ही पुस्तकी ग्रीक आणि बोलली जाणारी डिमोटिक यांचा झगडा इतका टोकाचा होता की १९०१ मध्ये बायबलमधल्या शुभवर्तमानाच्या सोप्या ग्रीक भाषांतरावरून अथेन्समध्ये दंगल होऊन माणसं मेली. १९७६ मध्ये कायद्याने डिमोटिक शिक्षणाची भाषा झाली. निर्णय फिरला तो शिक्षणशास्त्राच्या युक्तिवादामुळे नव्हे. १९६७ ते १९७४ च्या लष्करी राजवटीने कथारेवुसाला कवटाळलं, आणि ती राजवट पडली तशी त्या भाषेची पतही गेली. शिवाय तोवर डिमोटिकमध्ये साहित्य, व्याकरण, लेखनाचे संकेत सगळं तयार होतं. अरबीत या दोन्हींपैकी काहीच नाही. फुस्हा कोणा एका बदनाम सत्तेशी जोडलेली नाही, आणि बोली एक नसून अनेक आहेत.

म्हणून ‘बोलीतच शिकवा’ हा उपाय मला पुरेसा वाटत नाही. कोणत्या गावची बोली, ती कोणत्या लेखनपद्धतीने, आणि तिसरी-चौथीनंतर वाचायला पुस्तकं कुठली, या प्रश्नांची उत्तरं आधी हवीत. मोरोक्कोत त्याहून मोठा पेच आहे. तिथे अनेक मुलांच्या घरी अमाझीग भाषा बोलतात, आणि २०११ च्या राज्यघटनेने तिला राजभाषेचा दर्जा दिला आहे. अशा मुलाला वर्गात दारिजातून समजावलं तर ते त्याच्या भाषेत शिकवणं नव्हेच. त्याच्या वाट्याला आणखी एक परकी पायरी येते.

यातून जो मार्ग उरतो तो दुहेरी आहे. एक, बोलीतलं स्पष्टीकरण उघडपणे आणि शिस्तीत करायचं : नवा शब्द फुस्हात म्हणायचा, त्याचा बोलीतला जोडीदार मुलांकडून काढून घ्यायचा, दोन्ही शेजारी ठेवून कुठला आवाज बदलला ते मुलांनाच शोधू द्यायचं, आणि पुन्हा फुस्हातल्या वाक्यावर यायचं. ‘कल्ब–कलिब’ ही जोडी मुलांना स्वतः सापडली की टाळ्यांचा तो गोंधळ बहुतेक संपतो. पुढचे ‘बह्र–बहिर’ ते आपणहून लावतात.

दुसरं, फुस्हा वाचायला लावण्याच्या बरंच आधी ती कानावर पाडायची. दिना फाइटलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पॅलेस्टिनी बालवाड्यांतला अभ्यास प्रसिद्ध केला. काही महिने रोज मुलांना फुस्हातल्या गोष्टी मोठ्याने वाचून दाखवल्या. त्यांचं ऐकून समजण्याचं आणि गोष्ट सांगण्याचं कौशल्य, असं वाचन न मिळालेल्या मुलांपेक्षा चांगलं निघालं. त्याआधी शिक्षकांची आणि पालकांची समजूत होती की एवढ्या लहान वयात फुस्हा कळणारच नाही, म्हणून ते वाचून दाखवताना वाटेतच बोलीत भाषांतर करत. मायेपोटीच करत, पण मुलाला ती भाषा ऐकायची संधी त्यात हुकत होती. याची मर्यादाही सांगायला हवी : ऐकण्यातून शब्द आणि वाक्यांची घडण कानात बसते, अक्षरओळख होत नाही. ती वेगळी शिकवावीच लागते.

टीव्हीचा संबंध नेमका इथे येतो. बातम्या फुस्हात, मालिका आणि सिनेमे बोलीत, अशी ढोबळ वाटणी आहे, पण मधल्या जागा भरपूर आहेत. अल-सईद बदवी यांनी १९७३ मध्ये इजिप्तमधल्या अरबीच्या पाच पातळ्या सांगितल्या, आणि चर्चेच्या कार्यक्रमात पाहुणा एकाच उत्तरात त्यांतल्या दोन-तीन पातळ्यांवरून फिरताना ऐकू येतो. कुठली पातळी निवडली जाते यात बाजाराचा वाटा मोठा असतो. १९९० च्या दशकात मेक्सिकन मालिका फुस्हात डब होत. २००८ मध्ये एक तुर्की मालिका सीरियन बोलीत आली, अफाट गाजली, आणि पुढच्या तुर्की मालिकांनी तोच रस्ता धरला. मुलांच्या कार्यक्रमांतही प्रेक्षक कुठले यावर भाषा ठरताना दिसते. १९७९ मध्ये कुवेतहून सुरू झालेला ‘इफ्तह या सिम्सिम’ अनेक देशांसाठी होता, म्हणून फुस्हात. २००० मध्ये आलेला ‘आलम सिम्सिम’ इजिप्तसाठी, म्हणून इजिप्शियन बोलीत.

डब केलेली कार्टून्स मात्र दीर्घकाळ बहुतांशी फुस्हातच राहिली, आणि शाळेच्या दृष्टीने हा मोठा आधार आहे. मुलं खेळताना त्या पात्रांच्या तोंडची वाक्यं म्हणतात, ‘लम’ आणि भविष्यकाळाच्या नकाराचा ‘लन’ यांच्यासकट. खेळ थांबला की पुन्हा बोलीवर येतात. म्हणजे ज्या मुलाला वर्गात फुस्हात एक वाक्य जुळवता येत नाही असं शिक्षक सांगतात, तेच मूल अंगणात खलनायक होऊन ती बोलत असतं. शिक्षकांना मी म्हणून सुचवतो की बालवाडीतल्या पहिल्या महिन्यांत मुलांना नाटुकली करू द्या. त्यातली पात्रं फुस्हा बोलोत आणि निवेदक बोलीत बोलो. कोणत्या शब्दांचे अर्थ मुलांना आधीच ठाऊक आहेत, ते त्यातून कळतं. तिसऱ्या गटाच्या यादीतून ते शब्द काढून टाकायचे आणि उरलेले शिकवायला घ्यायचे.